‘हिशेब मंजूर’ म्हणजे नेमकं काय मंजूर?

‘खजिनदारांनी हिशेब सादर केले. त्यावर चर्चा होऊन ते सर्वानुमते मंजूर करण्यात आले.’

मुंबईतल्या हाउसिंग सोसायट्यांची इतिवृत्ताची रजिस्टरं चाळलीत तर हे वाक्य दर दोन-चार पानांनी भेटतं. मुलुंडमधल्या आमच्या छप्पन्न सदनिकांच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी झालो, तेव्हा पहिली दोन वर्षं मीही हेच लिहीत होतो. आधीच्यांनी जे लिहिलं तेच पुढे चालवलं. मग एका वार्षिक सभेत दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तीन वर्षांपूर्वी लिफ्टवर एक लाख ऐंशी हजार खर्च झालेत. ते कोणी मंजूर केले होते, एवढंच सांगा." मी रजिस्टर उघडलं, त्या वर्षाचं पान काढलं. तिथे एवढंच होतं: हिशेब मंजूर. तेव्हाचे खजिनदार पुण्याला राहायला गेले होते, चेअरमन हयात नव्हते. बिलं फाइलला होती, पैसे लिफ्टवरच गेले होते, त्यात शंका नव्हती. पण हा खर्च कोणी ठरवला, केव्हा ठरवला, बजेट किती होतं आणि वरचे पैसे कुठून आले, यातलं काहीच आम्हाला त्या काकूंना सांगता आलं नाही. ती शरम मला अजून आठवते.

घोळ ‘मंजूर’ या शब्दात आहे. आपण तीन वेगवेगळ्या गोष्टींसाठी तो एकच शब्द वापरतो. खजिनदारांनी दर महिन्याला आकडे वाचून दाखवले, तरी मंजूर. ऑडिट झालेला वर्षाचा ताळेबंद सभेपुढे आला, तरी मंजूर. आणि बजेटमध्ये नसलेला खर्च करायचं ठरलं, तरी मंजूर. या तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि जबाबदारीही वेगळी आहे. म्हणून इतिवृत्तातलं क्रियापदही वेगळं हवं.

महिन्याच्या अहवालाची फक्त ‘नोंद’ घ्यायची

कमिटीच्या मासिक सभेत खजिनदार जे वाचून दाखवतात, त्याचं ऑडिट झालेलं नसतं. एखादं बिल यायचं राहिलेलं असतं, एखाद्या सभासदाचा चेक परत जायचा असतो, एखादी रक्कम चुकीच्या हेडला पडलेली असते. ते आकडे त्या दिवशीच्या माहितीवर उभे असतात. त्यांना ‘मंजूर’ म्हटलं, तर उद्या चूक निघाल्यावर ती कमिटीने डोळे उघडे ठेवून मान्य केली असा अर्थ होतो. म्हणून आम्ही आता लिहितो, ‘नोंद घेण्यात आली.’ सभेला आकडे कळले, तिने प्रश्न विचारले, त्यापुढे काही नाही.

पण नोंद घ्यायची म्हणजे आकडे गाळायचे असं नव्हे. ऑक्टोबर २०२४ च्या आमच्या इतिवृत्तातला हा भाग पाहा:

> विषय ३. खजिनदारांचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल.
> बँकेतील आरंभीची शिल्लक रु. ६,१२,४००, महिन्यातील जमा रु. ३,४८,०००, खर्च रु. ४,०५,३००, अखेरची शिल्लक रु. ५,५५,१००. बँक पासबुकानुसार शिल्लक रु. ५,९७,१००, दिलेले पण न वटलेले चेक रु. ४२,०००. ताळमेळ जुळतो. अहवालाची नोंद घेण्यात आली. अहवालाची प्रत इतिवृत्तासोबत जोडली आहे.

चार आकडे आणि एक ताळमेळ. सहा लाख बारा हजार चारशेमध्ये जमा मिळवा, खर्च वजा करा, अखेरची शिल्लक येते. पासबुकातून न वटलेले चेक वजा केले की पुन्हा तोच आकडा येतो. इतिवृत्त वाचणाऱ्या कुणालाही दोन मिनिटांत पडताळता येतं. आणि पुढच्या महिन्याची आरंभीची शिल्लक या महिन्याच्या अखेरच्या शिल्लकेशी जुळली नाही, तर मधे काहीतरी झालंय हे लगेच कळतं. माझ्या मते कुठल्याही सोसायटीची तब्येत तपासायची असेल, तर आधी हेच बघावं. सलग बारा महिन्यांची इतिवृत्तं घ्यावीत आणि शिल्लकेची साखळी कुठे तुटते का ते पाहावं.

फरक लिहायचा, पण कुठल्या जातीचा ते ओळखून

बजेट आणि प्रत्यक्ष खर्च यांतला फरक सगळेच सांगतात. अडचण अशी, की नुसता आकडा बऱ्याचदा दिशाभूल करतो. त्याच ऑक्टोबरच्या सभेत सहामाही आढावा होता. वर्षाच्या तरतुदीचे निम्मे पैसे एका रकान्यात, प्रत्यक्ष खर्च शेजारच्या रकान्यात. दोन हेड डोळ्यांत भरत होते.

सामायिक विजेची वर्षाची तरतूद ४,८०,००० होती, म्हणजे सहा महिन्यांचे २,४०,०००. खर्च दिसत होता २,०१,०००. एकोणचाळीस हजारांची बचत! एक सदस्य खुश होऊन म्हणाले, "जिन्यात एलईडी लावले त्याचा फायदा दिसतोय." आमच्या खजिनदार बँकेतून निवृत्त झालेल्या, अतिशय नेटक्या. त्यांनी फाइलमधून एक कागद काढला. सप्टेंबरचं वीजबिल ६ ऑक्टोबरला आलं होतं, ४१,००० रुपयांचं, आणि ते अजून खतावलेलं नव्हतं. ते धरलं की खर्च होतो २,४२,०००. म्हणजे बचत नाहीच, उलट दोन हजार जास्त.

दुसरं हेड दुरुस्ती. वर्षाचे ३,००,०००, सहामाहीचे १,५०,०००, खर्च २,४२,५००. साडेब्याण्णव हजार जास्त. हा आकडा ऐकून सभेत कुजबुज झाली. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या. ६८,५०० रुपये पाण्याच्या पंपाचे होते, ते बजेटमध्ये नव्हतेच. त्याबद्दल पुढे सांगतो. उरलेले २४,००० जास्त दिसत होते, कारण गच्चीची डागडुजी, पन्हाळी, गटारं, पाइपांची कामं मुंबईत पावसाआधीच उरकावी लागतात. वर्षाचा बराचसा दुरुस्तीखर्च एप्रिल-मेमध्येच होऊन जातो. वर्षाचे निम्मे पैसे म्हणजे सहामाहीची मर्यादा, हा हिशेब इथे बसतच नाही.

तेव्हा फरक समोर आला की आधी विचारावं: हा वेळेचा फरक आहे की खरा? वेळेचा फरक पुढच्या महिन्यांत आपोआप भरून निघतो. खरा फरक वर्षअखेरपर्यंत तसाच राहतो. तिसरी जात चुकीच्या हेडची, म्हणजे टँकरचे पैसे दुरुस्तीला टाकणं वगैरे. त्यात एक हेड फुगतं, दुसरं सुकतं, एकूण मात्र बदलत नाही.

हे ओळखायचा खात्रीचा उपाय म्हणजे वर्षअखेरचा अंदाज मागणं. दुरुस्तीच्या हेडला २,४२,५०० गेलेच होते. गेल्या वर्षीच्या हिशेबावरून ऑक्टोबर ते मार्च साधारण ९०,००० लागणार होते. म्हणजे वर्षअखेर ३,३२,५००, बजेटपेक्षा ३२,५०० जास्त. कुजबुज साडेब्याण्णव हजारांवर चालली होती. काळजी करायची रक्कम साडेबत्तीस हजारांची होती. इतिवृत्तात आम्ही असं लिहिलं:

> दुरुस्ती व देखभाल: सहामाही तरतूद रु. १,५०,०००, प्रत्यक्ष रु. २,४२,५००, जादा रु. ९२,५००. यापैकी रु. ६८,५०० पंप बदलण्याचे (ठराव क्र. १८, दि. २८ जुलै २०२४), बाकी रु. २४,००० पावसाळ्यापूर्वीची कामे आधी झाल्यामुळे. वर्षअखेरचा अंदाज रु. ३,३२,५००, म्हणजे तरतुदीपेक्षा रु. ३२,५०० जादा. ही बाब पुढील वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी असे ठरले.
> वीज: सहामाही तरतूद रु. २,४०,०००, खतावलेला खर्च रु. २,०१,०००. सप्टेंबरचे बिल रु. ४१,००० देणे बाकी. ते धरता प्रत्यक्षात रु. २,००० जादा.

‘जादा’ आणि ‘कमी’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो. काही ठिकाणी नुसती अधिक-उणे चिन्हं टाकतात. खर्चात उणे असलं तर बरं, जमेत उणे असलं तर वाईट, आणि वाचणारा दर ओळीला थबकतो. शिवाय बजेट कुठल्या सभेत, कुठल्या ठरावाने मंजूर झालं हे आढाव्याच्या डोक्यावर एकदा लिहावं. वर्षाच्या मधेच कमिटी आपल्याच अधिकारात तरतूद वाढवते आणि मग ‘फरक नाही’ असं दाखवते, हे मी पाहिलंय. तुलना सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या मूळ आकड्याशीच व्हायला हवी.

पंप जळाला त्या रात्री

जुलै २०२४ च्या मध्यात रात्री अकराला वॉचमनचा फोन आला. पंपरूममधून जळका वास येत होता. महापालिकेचं पाणी आमच्याकडे पहाटे येतं, खालच्या टाकीत पडतं आणि तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. पंप बंद म्हणजे छप्पन्न घरांचे नळ कोरडे. दुसरा पंप आधीच कुरकुरत होता. सकाळी मोटर उघडली, वाइंडिंग काळं पडलं होतं. मेकॅनिक म्हणाला, रिवाइंडिंग होईल, पण ही मोटर दोनदा आधीच भरून झालीय, पावसाळ्यात टिकणार नाही. नवा पंप, बसवणं आणि जीएसटी धरून ६८,५००. शिवाय दोन दिवस टँकर, ९,०००.

चेअरमन, खजिनदार आणि मी फोनवर बोललो, कमिटीच्या ग्रुपवर टाकलं. सगळ्यांनी होकार दिला आणि त्याच दिवशी ऑर्डर गेली. ते योग्यच होतं. पण नंतर एक सदस्य म्हणाले, "अहो, ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दिलाय की, आता आणखी ठराव कशाला?" इथेच बऱ्याच सोसायट्या चुकतात. ग्रुपवरचा होकार म्हणजे सभेचा ठराव नव्हे. त्यात विषयपत्रिका नाही, गणपूर्ती नाही, रजिस्टरमध्ये नोंद नाही. दोन वर्षांनी कोणी फोन बदलला की तो होकारही गेला.

अशा खर्चाबाबत दोन प्रश्न असतात आणि ते एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. पहिला प्रश्न अधिकाराचा: एवढी रक्कम खर्च करायचा अधिकार कमिटीला आहे का? उपविधींमध्ये दुरुस्तीच्या एका वेळच्या खर्चासाठी सभासदसंख्येनुसार कमिटीची मर्यादा दिलेली असते. आमच्याकडे ती एक लाख रुपये आहे. ६८,५०० त्यात बसत होते. दुसरा प्रश्न तरतुदीचा: बजेटमध्ये त्यासाठी जागा आहे का? नव्हती. अधिकार आहे म्हणून तरतूद आपोआप येत नाही, आणि हेडमध्ये पैसे शिल्लक आहेत म्हणून अधिकार येत नाही. इतिवृत्तात दोन्हींची उत्तरं दिसली पाहिजेत.

> ठराव क्र. १८ (दि. २८ जुलै २०२४). खालच्या टाकीवरील पंप दि. १६ जुलै रोजी रात्री जळाल्याने इमारतीचा पाणीपुरवठा बंद पडला. सभा बोलावण्याइतका अवधी नसल्याने अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांनी कमिटी सदस्यांशी दूरध्वनीवर बोलून दि. १७ जुलै रोजी नवा पंप मागवला. खर्च जीएसटीसह रु. ६८,५००. खर्च कमिटीच्या रु. १ लाखाच्या मर्यादेत आहे, मात्र २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात यासाठी तरतूद नाही. या खर्चास कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे. खर्च दुरुस्ती हेडला टाकावा व होणारी वाढ वार्षिक सभेपुढे ठेवावी. टँकरचे रु. ९,००० पाणी हेडला टाकावेत.

खाली सूचक, अनुमोदक आणि मतदानाचा निकाल. खजिनदारांनी सूचक होऊ नये, अशी आमच्याकडची पद्धत आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांनीच ते मंजूर करण्याची सूचना मांडू नये, एवढंच त्यामागचं कारण.

‘कार्योत्तर’ या शब्दाला लोक बिचकतात, जणू चोरी पकडली गेली. खरं तर तो शब्द प्रामाणिक आहे. काम आधी झालं, मंजुरी नंतर घेतली, आणि का, ते लिहिलं. अप्रामाणिक असतं ते मागची तारीख घालणं. १७ जुलैला सभा झालीच नव्हती, तरी त्या तारखेचा ठराव मागच्या पानात घुसवायचा. तो ओळखू येतो. ठरावाचा क्रमांक मधेच ‘१७ अ’ असा येतो, अक्षर ओळींमध्ये चेपून बसवलेलं असतं, किंवा ठरावाच्या तारखेला सभेची सूचनाच निघालेली नसते. ऑडिटर सभेच्या सूचनांची फाइल मागतात ती उगाच नव्हे.

भिंत: इथे कमिटीचा हात पोहोचत नाही

ऑगस्टअखेरच्या पावसात मागच्या बाजूची कंपाउंडची भिंत एका रात्रीत झुकली आणि मधला भाग कोसळला. सुदैवाने गाड्या पुढे होत्या. पत्रे आणि बांबू लावून ती बाजू बंद करायला १४,००० लागले. ते तातडीचं होतं, कमिटीच्या मर्यादेत होतं, पंपासारखाच कार्योत्तर ठराव केला. भिंत नव्याने बांधायचं कोटेशन मात्र दोन लाखांचं होतं.

कमिटीच्या सभेत सूचना आली: पायाचं एक बिल, भिंतीचं एक, प्लास्टर आणि रंगाचं एक. तिन्ही लाखाच्या आत, सर्वसाधारण सभा बोलवायची कटकट नाही. सूचना करणारे भले गृहस्थ होते, त्यांना काम लवकर व्हायला हवं होतं. पण काम एक, ठिकाण एक, कंत्राटदार एक आणि बिलं तीन, हे मर्यादा टाळण्यासाठी केलेले तुकडेच. ऑडिटला ते लपत नाही: एकाच कंत्राटदाराच्या लागोपाठच्या नंबरांची बिलं, आठ-दहा दिवसांतल्या तारखा आणि प्रत्येक रक्कम मर्यादेच्या जरा खाली. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७२ नुसार संस्थेची अंतिम सत्ता सर्वसाधारण सभेकडे असते. एवढा खर्च तिने ठरवायचा. आम्ही २२ सप्टेंबरला विशेष सर्वसाधारण सभा बोलावली.

तिथे आमची जी चूक होता होता राहिली, ती सांगण्यासारखी आहे. मी ठरावाचा मसुदा केला होता: ‘भिंतीच्या बांधकामासाठी रु. २,००,००० खर्चास मंजुरी.’ खजिनदारांनी तो वाचला आणि कोटेशनच्या तळाशी बोट ठेवलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘जीएसटी वेगळा’. अशा बांधकामावर १८ टक्के. म्हणजे ३६,००० वर, एकूण २,३६,०००. मसुदा तसाच मंजूर झाला असता तर बिल आल्यावर छत्तीस हजार रुपये कोणाच्याच मंजुरीशिवाय उरले असते. मग एकतर ते गुपचूप द्यायचे, नाहीतर पुन्हा छप्पन्न जणांना बोलवायचं. त्या दिवसापासून ठरावातल्या प्रत्येक रकमेपुढे ‘सर्व करांसह’ किंवा ‘कर वगळून’ यांपैकी एक लिहिल्याशिवाय मी सही करत नाही.

दुसरा मुद्दा निघाला पैशांच्या उगमाचा. ‘खर्च मंजूर’ म्हटलं, पण कुठल्या पिशवीतून? सोसायटीकडे महिन्याच्या मेंटेनन्समधून जमणारा पैसा असतो, त्याशिवाय दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड असतात. सिंकिंग फंड पुनर्बांधणीसाठी आणि इमारतीच्या सांगाड्याच्या मोठ्या कामांसाठी राखलेला असतो. कंपाउंडच्या भिंतीसाठी त्याला हात लावणं बरोबर नव्हतं. म्हणून दुरुस्ती निधी. इथे एक बारकावा आहे. निधीतून दिलेला खर्च बजेटच्या चालू हेडमध्ये दिसतच नाही. वर्षअखेर दुरुस्तीच्या हेडला फरक काढताना भिंत कुठेच नसेल, फक्त निधीची शिल्लक घटलेली असेल. ठरावात हे लिहिलं नाही, तर तीन वर्षांनी निधी कमी का झाला याचा शोध लागत नाही. शिवाय निधीचे पैसे मुदत ठेवीत होते, आणि ठेव मोडायला बँक ठरावाची प्रत मागते.

> ठराव क्र. २. मागील कंपाउंड भिंत पुन्हा बांधण्यासाठी सर्व करांसह कमाल रु. २,३६,००० खर्चास पूर्वमंजुरी. आलेली तीन कोटेशन सभेत वाचून दाखवली. सर्वांत कमी रकमेचे स्वीकारण्यात येत आहे. खर्च दुरुस्ती निधीतून करावा. निधीची आजची शिल्लक रु. ८,४०,०००, खर्चानंतर रु. ६,०४,०००. त्यासाठी मुदत ठेव मोडण्याचा अधिकार अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांना देण्यात येत आहे. मंजूर रकमेवर खर्च जाण्याची शक्यता दिसल्यास काम थांबवून पुन्हा सभेपुढे यावे. बाजूने ३१, विरोधी २. सदनिका क्र. ४०२ च्या सभासदांनी आणखी एक कोटेशन घ्यावे या कारणासाठी विरोध नोंदवला.

‘कमाल’ हा शब्द आणि शेवटून तिसरं वाक्य या ठरावाचा कणा आहे. ‘अंदाजे’ लिहिलं की मर्यादा विरघळते. आणि विरोधकाचं कारण एका ओळीत लिहायला कंजूषी करू नये. तो त्यांचा हक्क आहे. नंतर काही बिघडलं तर सभेला सावध कोणी केलं होतं, तेही त्यातून समजतं.

वार्षिक सभा: स्वीकारणं वेगळं, मंजूर करणं वेगळं

आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि कलम ७५ प्रमाणे सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. आमची १४ सप्टेंबर २०२५ ला झाली. दुरुस्तीचं हेड अखेर ३,४१,००० वर थांबलं होतं. अंदाजापेक्षा साडेआठ हजार जास्त, बजेटपेक्षा ४१,००० जास्त. पंप बाजूला काढला तर दुरुस्ती २,७२,५०० मध्ये बसली, म्हणजे बाकीच्या कामांत तरतुदीपेक्षा साडेसत्तावीस हजार कमीच लागले.

इथे पूर्वी आम्ही एकच ठराव करायचो आणि सगळं त्यात गुंडाळायचो. आता दोन करतो. ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक ‘स्वीकारणं’ म्हणजे झालेल्या व्यवहारांचं हे चित्र सभेला मान्य आहे. खर्च झाला हे खरं आहे, एवढंच सभा म्हणते. तो करायला हवा होता का, बजेटबाहेर जायला परवानगी होती का, हा प्रश्न त्यात येत नाही. एखादा सभासद ‘आकडे बरोबर आहेत, पण हा खर्च मला पसंत नाही’ असं म्हणू शकतो. एकच ठराव असेल तर त्याला मत कसं द्यावं हेच कळत नाही.

> ठराव क्र. ३. दि. ३१ मार्च २०२५ अखेरचा ताळेबंद व उत्पन्न-खर्च पत्रक लेखापरीक्षकांच्या अहवालासह सभेपुढे ठेवले. लेखापरीक्षकांचे दोन शेरे सचिवांनी वाचून दाखवले: (१) चार सदनिकांची थकबाकी एक वर्षाहून जुनी; (२) पंपाच्या खर्चाला अंदाजपत्रकात तरतूद नाही. पहिल्या शेऱ्यावर वसुलीच्या नोटिसा पाठवल्या आहेत. दुसऱ्या शेऱ्यासाठी ठराव क्र. ४ पाहावा. या शेऱ्यांसह हिशेब स्वीकृत. सर्वानुमते.
>
> ठराव क्र. ४. २०२४-२५ मध्ये दुरुस्ती हेडखाली तरतुदीपेक्षा जादा झालेल्या रु. ४१,००० च्या खर्चास, कमिटी ठराव क्र. १८ मधील कारण विचारात घेऊन, मंजुरी. बाजूने ३४, विरोधी १.

ऑडिटरचे शेरे इतिवृत्तात उतरवायला बऱ्याच कमिट्या कचरतात. पण नंतर दोषदुरुस्ती अहवाल द्यायचाच असतो, आणि त्यात ‘सभेने यावर काय केलं’ हे लिहायला हीच ओळ कामी येते. सभेने ठराव क्र. ४ नाकारला असता तर? हिशेब तरीही स्वीकारलेलेच राहिले असते, आणि ४१,००० ची जबाबदारी कोणाची हा प्रश्न कमिटीपुढे उभा राहिला असता. दोन ठराव वेगळे ठेवण्याचं खरं कारण हेच आहे.

शेवटचा टप्पा पुढच्या सभेचा. तिथे ‘मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे’ हा पहिला विषय असतो. कायम करणं म्हणजे ‘सभेत जे झालं ते इथे बरोबर लिहिलंय’ एवढंच. त्या वेळी कोणी ‘मला तो खर्च आता पटत नाही’ म्हणाले, तर त्यासाठी वेगळा विषय लागतो. लिहिण्यातली चूक मात्र तिथेच दुरुस्त करायची, जुन्या पानावर खाडाखोड न करता. आमच्या १४ सप्टेंबरच्या इतिवृत्तात मी मतांची संख्या ३४ ऐवजी ४३ लिहिली होती. हजेरीपटावर सह्याच अडतीस होत्या, तेव्हा ते कुणाच्याही लक्षात आलं असतं. आलं ते त्याच दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या. पुढच्या सभेत ‘ठराव क्र. ४ मधील बाजूची मते ४३ ऐवजी ३४ वाचावीत’ अशी नोंद केली, चेअरमनांनी तिच्याखाली सही केली, आणि जुनं पान जसंच्या तसं ठेवलं.